एक टप्पा आऊट : हातातून चेंडू सुटणाऱ्या मुलांना झेल कसा शिकवावा

गल्लीतल्या क्रिकेटमध्ये एक नियम सगळ्यांना पाठ असतो. चेंडू जमिनीवर एकदा आपटून वर आला आणि कुणी तो झेलला, तरी फलंदाज बाद. फैजपूरच्या गल्ल्यांत, शाळेच्या मैदानावर, सुट्टीच्या दिवशी विहाराच्या आवारात हाच नियम चालतो. जागा लहान असते म्हणून तो आला असे आपण समजतो. पण एका वेगळ्या प्रकारच्या मुलासाठी या नियमाला मोठा अर्थ आहे. सरळ आलेला झेल ज्याला कधीच घेता येत नाही, त्याला टप्पा पडलेला झेल घेता येतो. टप्प्यामुळे चेंडूचा वेग कमी होतो, बघायला वेळ जास्त मिळतो आणि चेंडू खालून वर, म्हणजे हातांच्या ओंजळीकडे येतो. काम सोपे केले की शिकणे सुरू होते, ते असे.

हा लेख अशा मुलांबद्दल आहे. प्रत्येक वर्गात असे एखादे तरी मूल असते. अभ्यासात ठीक, बोलण्यात हुशार, पण चेंडू अंगावर आला की तोंड फिरवते. शर्टाची बटणे लावायला त्याला वेळ लागतो, डब्यातली भाजी सांडते, बुटाची नाडी बांधता येत नाही, रांगेत चालताना पुढच्याच्या पायात पाय अडकतो. घरचे त्याला वेंधळा म्हणतात, खेळगडी म्हणतात ‘याच्या हाताला लोणी लावलंय’. संघ पाडताना त्याचे नाव सगळ्यात शेवटी येते, आणि पुढे ते मूल मैदानाकडे यायचेच बंद होते.

हा आळस नाही

वैद्यकशास्त्रात या अडचणीला ‘विकासात्मक समन्वय विकार’ म्हणतात. ‘डिस्प्रॅक्सिया’ हा शब्दही काही ठिकाणी वापरतात. शाळकरी वयाच्या शंभर मुलांमागे साधारण पाच-सहा मुलांना ही अडचण असते असे मानले जाते. मुलींपेक्षा मुलांमध्ये ती जास्त आढळते. अशा मुलाच्या स्नायूंत ताकद असते, डोळे ठीक असतात, बुद्धीही ठीक असते. अडचण असते ती मेंदूने हालचालीची आखणी करण्यात आणि ती वेळेवर जुळवण्यात.

झेल घेणे म्हणजे नेमके काय होते ते पाहिले की हे कळते. तीन मीटरवरून कुणी हळूच चेंडू टाकला तर तो आपल्याकडे यायला साधारण अर्धा-पाऊण सेकंद लागतो. तेवढ्या वेळात चेंडू कुठे येणार याचा अंदाज बांधायचा, हात तिथे न्यायचे, बोटे उघडायची आणि चेंडू लागण्याच्या क्षणीच मिटायला सुरुवात करायची. चेंडू हाताला लागल्यावर बोटे मिटायला घेतली तर उशीर झालेला असतो, तोवर तो उडालेला असतो. म्हणजे झेल हा पुढचा अंदाज बांधून घ्यावा लागतो. बहुतेक मुलांचा हा अंदाज खेळता-खेळता आपोआप तयार होतो. या मुलांचा तो आपोआप तयार होत नाही. त्यांना तो पायरीपायरीने आणि इतरांपेक्षा खूप जास्त वेळा करून शिकावा लागतो.

पण चेंडू सुटणारे प्रत्येक मूल या विकाराचे नसते. निदान करताना डॉक्टर चार गोष्टी पाहतात. वय आणि शिकायला मिळालेली संधी लक्षात घेता मुलाचे कौशल्य बरेच मागे आहे का? त्यामुळे रोजचे जगणे, शाळा, खेळ यांत अडथळा येतो का? ही अडचण लहानपणापासून आहे का? आणि नजर, बुद्धी किंवा मेंदूचा दुसरा आजार हे कारण तर नाही ना? यातला ‘संधी’ हा शब्द आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. ज्या मुलीला शाळा सुटल्यावर धाकट्या भावाला सांभाळावे लागले आणि जिच्या हातात चेंडू कधी आलाच नाही, तिला झेल येत नसेल तर तो विकार नव्हे. पुढे दिलेली पद्धत दोन्ही प्रकारच्या मुलांना चालते. फरक वेगात दिसतो. फक्त संधी न मिळालेले मूल दोन-तीन आठवड्यांत भराभर पुढे जाते. विकार असलेले मूल पुढे जाते, पण सावकाश, आणि प्रत्येक नव्या पायरीवर पुन्हा अडखळते.

पी.टी.च्या तासाला का भागत नाही

एक साधा हिशेब करू. खेळाचा तास पस्तीस मिनिटांचा, मुले चाळीस, चेंडू एक. सगळी गोल करून उभी आहेत आणि दर पाच सेकंदांनी एक फेक होते असे धरले, तरी तासभरात चारशेवीस फेकी होतील. म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दहा. प्रत्यक्षात चेंडू नाल्यात जातो, भांडणे होतात, आणि ज्याच्या हातातून चेंडू सुटतो त्याच्याकडे मुले फेकतच नाहीत. त्याच्या वाट्याला दोन-तीन झेल येतात, तेही सगळ्यांसमोर, अवघड उंचीवर, वेगाने. ज्याला सराव सर्वांत जास्त हवा त्यालाच तो सर्वांत कमी मिळतो.

उलट घरी किंवा शाळा सुटल्यावर एकाच माणसाने समोर उभे राहून पंधरा-वीस मिनिटे चेंडू टाकला, तर तेवढ्यात सहज साठ झेल होतात. आठवड्यातून चार दिवस म्हणजे दोनशेचाळीस. खरा फरक या आकड्यात आहे. मात्र तेच साठ झेल चुकीच्या पायरीवर केले आणि पन्नास वेळा चेंडू सुटला, तर मूल फक्त चेंडू सोडण्याचाच सराव करते. म्हणून सराव वाढवण्याआधी काम सोपे करावे लागते.

ही पद्धत नुसत्या अनुभवावर उभी नाही. हालचालीचे वेगवेगळे घटक, म्हणजे तोल, संवेदना, स्नायू, आधी सुधारायचे आणि मग कौशल्य आपोआप येईल असे पूर्वी समजत. तसे फारसे घडत नाही असे दिसून आले. जे शिकायचे तेच, सोपे करून, थेट शिकवणे अधिक उपयोगी ठरते, अशी शिफारस युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या मार्गदर्शक सूचनांतही आहे. या विचाराचा एक कार्यक्रम नेदरलँड्समध्ये तयार झाला. दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनच्या एका गरीब वस्तीतल्या शाळांमध्ये सहा ते दहा वर्षांच्या मुलांवर तो वापरून पाहिला, त्याचा अहवाल २०१३ साली आला. आठवड्यातून दोनदा, पाऊण ते एक तास, नऊ आठवडे असा तो कार्यक्रम होता. त्याच्या शेजारी मुलांच्या दुसऱ्या गटाला टीव्हीच्या पडद्यासमोर उभे राहून खेळायचे व्हिडिओ गेम दिले होते. मैदानावर प्रत्यक्ष कौशल्य शिकलेल्या मुलांची प्रगती जास्त झाली. महागडे यंत्र हवे असे नाही, हे आपल्यासाठी कामाचे आहे.

पायऱ्या

साहित्य सगळे मिळून दीडशे-दोनशे रुपयांच्या आत येते. फुगे, वीस ते पंचवीस सेंटिमीटर व्यासाचा हलका प्लास्टिकचा किंवा रबरी चेंडू, जुन्या मोज्यात चिंध्या भरून शिवलेला संत्र्याएवढा चेंडू, आणि टेनिसचा चेंडू. मागे कोरी भिंत असली तर चेंडू स्पष्ट दिसतो. केळीच्या बागेसमोर हिरवा किंवा पिवळट चेंडू घेऊन उभे राहिले तर तो पानांत हरवतो, तिथे लाल चेंडू घ्यावा. सूर्य मुलाच्या डोळ्यांवर नको. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा चव्वेचाळीसच्या पुढे जातो, त्या दिवसांत सकाळी आठच्या आत किंवा ऊन उतरल्यावर खेळावे. फार अंधार पडल्यावर नको.

पहिली पायरी फुग्याची. फुगा वर मारायचा आणि खाली येताना दोन्ही हातांनी धरायचा. डोक्याच्या वरून सोडलेला फुगा खाली यायला दोन-तीन सेकंद घेतो, म्हणजे विचार करायला भरपूर वेळ. हे खोलीत, पंखा बंद करून करावे.

दुसरी पायरी बसून. दोघांनी दोन मीटरवर पाय फाकवून समोरासमोर बसायचे आणि मोठा चेंडू जमिनीवरून घरंगळत द्यायचा. इथे चेंडूला एकच दिशा असते आणि तोल सांभाळायचा नसतो. मुलाचे सगळे लक्ष बघण्यावर आणि हात वेळेवर नेण्यावर राहते.

तिसरी पायरी टप्प्याची. दोन मीटरवर उभे राहून मोठा चेंडू दोघांच्या मधोमध जरा पलीकडे आपटायचा, म्हणजे तो मुलाच्या कंबरेपर्यंत वर येतो. चौथ्या पायरीवर हाच मोठा चेंडू दीड-दोन मीटरवरून हात खालून आणून, कंबर आणि छाती यांच्या मध्ये येईल असा सरळ टाकायचा. पाचवीला चिंध्यांचा चेंडू. तो लहान असतो, पण मऊ असतो आणि हाताला लागून उसळत नाही, त्यामुळे बोटे थोडी उशिरा मिटली तरी निभावते. सहावीला टेनिसचा चेंडू एका टप्प्यावर. सातवीला तोच सरळ. आठव्या पायरीवर चेंडू मुद्दाम डाव्या-उजव्या बाजूला एक पाऊल टाकावे लागेल असा. आणि मग दोन-तीन ओळखीच्या मुलांबरोबर खरा खेळ, नियम अर्थात ‘एक टप्पा आऊट’.

पायरी कधी बदलायची? एक सोपा ठोकताळा ठेवा. सलग दोन दिवस दहापैकी आठ झेल आले की पुढे जा. दहापैकी पाचपेक्षा कमी येत असतील तर एक पायरी मागे या. पाच ते सात येत असतील तर तिथेच थांबा, शिकणे तिथेच चालू असते. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला. चेंडू लहान केला तर अंतर तेच ठेवा. अंतर वाढवले तर चेंडू तोच ठेवा. उत्साहाच्या भरात चेंडूही लहान, अंतरही जास्त आणि टप्पाही बंद केला, तर मूल का चुकले हे तुम्हालाही कळत नाही आणि त्यालाही नाही.

एक नमुना

चौथीतल्या नऊ वर्षांच्या एका मुलीचे उदाहरण घेऊ. ही मुलगी समजण्यासाठी कल्पिलेली आहे, पण तिचा प्रवास अशा मुलांमध्ये दिसतो तसाच आहे. आई-वडील सकाळी लवकर केळीच्या कापणीला जातात, म्हणून सराव संध्याकाळी, घराच्या भिंतीशी, मामासोबत. सोमवार, मंगळवार, गुरुवार, शुक्रवार, रोज वीस मिनिटे. दहा-दहा झेलांच्या सहा फेऱ्या, मध्ये एक-एक मिनिट विश्रांती. एका वहीत रोज तारीख, पायरी आणि दहापैकी किती, एवढेच लिहायचे.

पहिल्या दिवशी मामाने सगळ्या पायऱ्या थोड्या-थोड्या करून पाहिल्या. फुगा दहापैकी नऊ. घरंगळता चेंडू दहापैकी दहा. मोठा चेंडू टप्प्यावर सहा. सरळ टाकला तर दोन. टेनिसचा चेंडू एकही नाही. म्हणजे सुरुवात तिसऱ्या पायरीपासून, टप्प्याच्या मोठ्या चेंडूने करायची. फुग्यावर आठवडा घालवण्याची गरज नाही आणि टेनिसच्या चेंडूची घाईही नाही.

पहिल्या आठवड्यात झेल सहाचे आठ झाले. दुसऱ्या आठवड्यात मोठा चेंडू सरळ टाकायला सुरुवात केली आणि आकडा पुन्हा तीनवर आला. इथे बरेच पालक सोडून देतात. पण हे अपेक्षितच आहे. मामाने पाहिले की चेंडू तिच्या छातीवर आदळतो आणि मग हात मिटतात. तेव्हा त्याने अंतर दोन मीटरचे दीड केले नाही, कारण जवळ आल्याने वेळ आणखी कमी होतो. त्याने चेंडू जरा उंच कमानीत, हळू टाकला. शिवाय तिला प्रश्न विचारला.

“चेंडू सुटला तेव्हा तू कुठे बघत होतीस?”

“तुमच्या तोंडाकडे, मामा.”

“मग आता काय करून बघायचं?”

“तुमच्या हाताकडे बघते. मग चेंडूकडे.”

“कुठपर्यंत?”

“माझ्या हातात येईपर्यंत.”

हा संवाद साधा वाटतो, पण यात शिकवण्याची एक पूर्ण रीत आहे. कॅनडातल्या व्यवसायोपचार तज्ज्ञांनी या मुलांसाठी चार शब्दांची साखळी तयार केली आहे : ठरव, योजना कर, कर, तपास. काय जमवायचे ते मुलाने ठरवायचे, कसे करायचे ते त्यानेच सुचवायचे, करून बघायचे, आणि योजना चालली का ते त्यानेच तपासायचे. मोठ्याने उत्तर सांगायचे नाही, उत्तराकडे नेणारा प्रश्न विचारायचा. स्वतः शोधलेली युक्ती मूल दुसऱ्या मैदानावरही वापरते. सांगितलेली सूचना सांगणारा गेला की विसरते.

नजरेचा मुद्दाही नुसता तर्क नाही. ब्रिटनमध्ये अशाच मुलांवर झालेल्या अभ्यासात, २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या, एका गटाला हात-पाय कसे ठेवायचे ते शिकवले आणि दुसऱ्या गटाला कुठे बघायचे ते शिकवले : फेकण्याआधी लक्ष्यावर नजर स्थिर ठेव, मग चेंडू हातात येईपर्यंत त्याचा पाठलाग कर. दुसऱ्या गटाची मुले चेंडू जास्त वेळ नजरेत ठेवू लागली आणि झेल घेण्याची त्यांची रीत जास्त सुधारली.

आपल्या नमुन्यातली मुलगी चौथ्या आठवड्यात मोठ्या चेंडूवर आठला पोचली. चिंध्यांचा चेंडू तिला लवकर जमला, एका आठवड्यात. टेनिसच्या चेंडूला टप्प्यावर दोन आठवडे लागले. सरळ टेनिसचा चेंडू नवव्या आठवड्याच्या शेवटी दहापैकी पाच-सहा. एवढ्यावर ती दोन चुलत भावंडांसोबत अंगणात ‘एक टप्पा आऊट’ खेळू लागते. ती वर्गातली उत्तम क्षेत्ररक्षक झालेली नाही. पण चेंडू आला की ती तोंड फिरवत नाही, आणि मुले तिला खेळायला घेतात.

कुठे बिघडते आणि ते कसे ओळखावे

मुलाचे डोळे चेंडू येण्याआधी मिटतात किंवा मान वळते, तेव्हा कारण भीती असते. ‘घाबरू नको’ म्हणून ती जात नाही. चेंडू मऊ करा, फुगा किंवा चिंध्यांचा चेंडू घ्या आणि तो लागला तरी दुखत नाही याची खात्री शरीराला पटू द्या. एकदा नाकावर टणक चेंडू बसला की पुढचा महिनाभराचा सराव वाया जातो.

हात काठीसारखे सरळ पुढे धरलेले असतात आणि चेंडू तळव्यावर आपटून उडतो, तेव्हा कोपरे वाकलेली नसतात. ‘कोपर वाकव, खांदा सैल कर, बोटं पसर’ अशा तीन सूचना एकदम दिल्या तर मूल गोंधळते. एकच चित्र द्या : ‘पाण्याची ओंजळ कर आणि चेंडू ओंजळीत घेऊन पोटाशी आण.’ चेंडू पोटाशी आणायला सांगितले की कोपर आपोआप वाकते आणि चेंडूचा धक्काही शोषला जातो.

हात उशिरा मिटतात, चेंडू छातीला लागतो, तेव्हा वेळ जुळत नाही. टप्प्यावर परत जा आणि बोल लावा. चेंडू जमिनीला लागला की मुलाने ‘टप’ म्हणायचे आणि धरताना ‘धर’. टप-धर, टप-धर. आवाजाची लय वेळ पकडायला मदत करते. भिंतीवर आपणच चेंडू मारून टप्प्यावर धरण्याचा एकट्याचा सरावही इथे चांगला, कारण चेंडू कधी सुटणार हे मुलाला स्वतःलाच माहीत असते.

पहिल्या चार फेऱ्यांत सात-आठ झेल आणि शेवटच्या दोन फेऱ्यांत तीन-चार असे वहीत दिसले तर मूल थकले आहे. फेऱ्या कमी करा, दिवस वाढवा. या मुलांना एकेका हालचालीकडे जाणीवपूर्वक लक्ष द्यावे लागते, म्हणून ती लवकर दमतात. त्या दिवसाचा शेवट नेहमी जमणाऱ्या पायरीवर करावा.

घरी आठ आणि शाळेत शून्य, हे तर हमखास होते. घरी फेकणारा एकच, वेग ओळखीचा, आजूबाजूला शांतता. शाळेत वीस जण ओरडतात आणि चेंडू कुठूनही येतो. म्हणून घर आणि शाळा यांच्यामध्ये आणखी दोन पायऱ्या घाला. आधी फेकणारा माणूस बदला, मग फेकणारे दोघे करा आणि कोण टाकणार ते आधी सांगू नका. गुरुजी-बाईंनी चाळीस मुलांचा एक गोल करण्याऐवजी चार-चारच्या टोळ्या केल्या आणि प्रत्येक टोळीला एक चेंडू दिला, मग तो चिंध्यांचा का असेना, तर प्रत्येकाला दहापट संधी मिळते. या मुलाला सगळ्यांसमोर एकट्याने झेल घ्यायला लावू नये. लगोरीत त्याला लगोरी रचायचे काम किंवा चेंडू मारून लगोरी पाडायचे काम द्यावे. स्थिर वस्तूवर नेम धरणे झेलापेक्षा सोपे, कारण तिथे वेळ मुलाच्या हातात असते.

शेवटी फेकणाऱ्याचीही चूक असते. मोठी माणसे कंटाळली की वेगाने, खांद्यावरून टाकतात. दहा फेकी एकाच उंचीवर, एकाच वेगाने जायला हव्यात. मुलाने चेंडू सोडला की आधी आपली फेक पाहावी.

या पद्धतीने काय होत नाही

झेलाच्या सरावाने झेल सुधारतो. त्याने अक्षर सुधारत नाही, बटणे लावणे येत नाही, सायकल येत नाही. त्या प्रत्येक कामासाठी स्वतंत्र सोप्या पायऱ्या आणि स्वतंत्र सराव लागतो. तसेच हा विकार सरावाने नाहीसा होत नाही. निम्म्याहून जास्त मुलांमध्ये तो किशोरवयातही राहतो. म्हणून सगळेच शिकवायला न जाता, या मुलाला आज सर्वांत जास्त काय हवे आहे ते त्यालाच विचारून ते एक काम निवडावे. कुणाला झेल हवा असतो, कुणाला नुसते धावणे आणि पोहणे पुरते. चेंडू न येणारे मूल पोहायला किंवा चालायला चांगले असू शकते. त्याचे खेळणे बंद होऊ नये एवढे पाहावे. खेळणे बंद झाले की दम कमी होतो, वजन वाढते आणि मग खेळणे आणखी अवघड होते.

डॉक्टरांकडे केव्हा

सराव सुरू करण्याआधी नजर तपासून घ्यावी. फळ्यावरचे नीट न दिसणाऱ्या मुलाला चेंडूही दिसत नाही, आणि चष्म्याने जे काम होते त्यासाठी नऊ आठवडे घालवणे हा मुलावर अन्याय आहे.

काही खुणा दिसल्या तर मात्र सराव थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवावे. आधी येत असलेली गोष्ट आता येईनाशी झाली. चालणे, जिना चढणे दिवसेंदिवस जड होत आहे. जमिनीवरून उठताना मूल स्वतःच्याच मांड्यांवर हात टेकत वर चढते. शरीराची एकच बाजू कमजोर दिसते. सकाळी डोके दुखून उलट्या होतात. अडखळत शिकणाऱ्या मुलाची गती हळू असते, पण ती पुढेच जाते. मागे जाणारी गती हे दुसऱ्या आजाराचे लक्षण असते.

सरकारी वाटही आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ सालापासून चालू आहे. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी तो आहे. त्याची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत वर्षातून एकदा येतात. वाढ आणि विकासातल्या अडचणी तपासणे हे त्यांच्या कामातच येते. पथक येण्याच्या दिवशी वर्गशिक्षकांनी अशा मुलाचे नाव आणि नेमकी अडचण कागदावर लिहून डॉक्टरांच्या हातात द्यावी, कारण काही मिनिटांच्या तपासणीत हे मूल ठीकच दिसते. पालकांनी ती सरावाची वही दाखवावी. तिथून ग्रामीण रुग्णालय आणि पुढे जिल्ह्याच्या ठिकाणच्या केंद्राकडे चिठ्ठी मिळू शकते. तिथे फिजिओथेरपिस्ट किंवा व्यवसायोपचार तज्ज्ञ मुलाची हालचाल मोजून पाहतात. या मोजणीत वापरल्या जाणाऱ्या एका प्रसिद्ध चाचणीत झेलाचाही भाग आहे. दोन मीटरवरून टेनिसचा चेंडू भिंतीवर मारायचा आणि दोन्ही हातांनी धरायचा, अशा दहा संधी. सात-आठ वर्षांच्या मुलाला तिथेही एक टप्पा चालतो. नऊ वर्षांनंतर मात्र सरळ धरावा लागतो. घरी हे करून निदान करू नये, कारण निदानासाठी हातांची कामे आणि तोल यांचीही मोजणी लागते.

एक गोष्ट कायद्याचीही लक्षात ठेवावी. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यात विशिष्ट अध्ययन अक्षमतेच्या व्याख्येत डिस्प्रॅक्सियाचे नाव घेतलेले आहे. लेखनाचा वेग कमी असलेल्या मुलाच्या पालकांनी तज्ज्ञांकडून तपासणी करून घेतली, तर परीक्षेत जास्त वेळ मिळण्यासारख्या सवलतींबद्दल शाळेशी बोलता येते.

ज्या पालकांना सुरुवात करायची आहे त्यांनी या रविवारी एवढेच करावे. एक फुगा, एक मोठा चेंडू, एक चिंध्यांचा आणि एक टेनिसचा चेंडू घ्यावा. प्रत्येक पायरीवर दहा-दहा फेकी टाकून वहीत आकडे लिहावेत. जिथे पाच ते सात आकडा दिसेल, त्या पायरीपासून सोमवारी सुरू करावे.